सील शाबूत, पेपर बाहेर: हजारीबागच्या पेटीचं प्रकरण

परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग बघितलेला असतो, पण त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. पर्यवेक्षक पाकीट हातात घेऊन येतात, वर धरून सगळ्यांना दाखवतात, पुढच्या बाकावरच्या दोघांना बोलावतात, "बघा रे, सील आहे ना व्यवस्थित?" असं विचारतात, ती पोरं मान डोलावतात, एका कागदावर सही करतात, कात्री चालते आणि पेपर वाटले जातात. एका मिनिटाचं काम. मी शिक्षक आहे, पर्यवेक्षणाची ड्युटी बरीच वर्षं केलीय आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही हा सगळा उपचारच वाटायचा, म्हणजे वरून आलंय म्हणून करायचं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा 2024 चा पेपर झारखंडमधल्या हजारीबागच्या एका शाळेतून फुटला, ते प्रकरण वाचल्यावर ही सही नक्की कशाची असते हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. म्हणून ते प्रकरण इथे पहिल्यापासून लावून बघतोय.

आधी आकडे सांगतो म्हणजे आवाका कळेल. नीट यूजी 2024 झाली 5 मे 2024 ला, दुपारी 2 ते 5:20, कागद-पेनावर. परीक्षेला 23 लाखांवर मुलं बसली, केंद्रं 4,750 आणि शहरं 571, त्यातली 14 भारताबाहेरची. एकच दिवस, एकच वेळ. म्हणजे 4,750 ठिकाणी पेट्या आधी पोचल्या पाहिजेत, कुठेही त्या उघडल्या जाता कामा नयेत आणि दुपारी पावणेदोनच्या सुमाराला सगळीकडे पुस्तिका मुलांच्या हातात पडल्या पाहिजेत. एकाही ठिकाणी गडबड झाली तरी तिचा परिणाम सगळ्यांच्या रँकवर, कारण रँक देशाची एकच.

पेपर काढायचा भाग इथे थोडक्यात आटोपतो, कारण या प्रकरणात तिथे काही बिघडलं नव्हतं. पद्धत अशी असते की प्रश्न काढणाऱ्याला आपले नक्की कुठले प्रश्न शेवटच्या पेपरात जाणार हे कळूच द्यायचं नाही. बरेच जण वेगवेगळे प्रश्न देतात, तपासणारे दुसरे असतात, भाषांतर करणारे तिसरे आणि एकापेक्षा जास्त संच तयार होतात. नीट 2024 ला असे दोन संच छापून दोन वेगवेगळ्या बँकांच्या लॉकरमध्ये ठेवले होते, एक स्टेट बँकेत आणि एक कॅनरा बँकेत. कुठला वापरायचा हे केंद्राला परीक्षेच्या दिवशी कळतं, दुसरा राखीव. कल्पना चांगली आहे, एक संच फुटला तरी दुसरा हातात असतो. पण त्याच दिवशी हरियाणातल्या झज्जरसारख्या काही केंद्रांवर चुकून कॅनरा बँकेचा राखीव संच वाटला गेला, म्हणजे सुरक्षेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या संचानेच गोंधळ घातला. तो वेगळा विषय, पुढे थोडं बोलू.

आता प्रवास. छापखान्यातून निघालं की पुस्तिका पाकिटात, पाकिटं पेटीत, पेटी कुरियरच्या गाडीतून शहरात, शहरातून बँकेत, परीक्षेच्या सकाळी बँकेतून केंद्रावर, केंद्रातल्या कंट्रोल रूममध्ये, तिथून पाकिटं खोल्यांमध्ये. साधारण एका खोलीला एक पाकीट. नीटच्या खोलीत 24 मुलं बसतात, त्यामुळे मोजायलाही सोपं. प्रत्येक टप्प्यावर देणारा सही करतो, घेणारा सही करतो. याला कामातली माणसं चेन ऑफ कस्टडी म्हणतात, मराठीत ताब्याची साखळी म्हणू. साखळीचा उपयोग असा की नंतर भानगड झाली तर "अमुक वाजेपर्यंत वस्तू अमक्याकडे होती" हे सांगता यायला हवं.

हजारीबागला यातला प्रवासाचा भाग आधीच ढिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2 ऑगस्ट 2024 च्या सविस्तर निकालात ही परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या कारभारातल्या ज्या त्रुटी दाखवल्या त्यात पेपर ई-रिक्षातून नेल्याचाही उल्लेख आहे. देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रवेश परीक्षेची पेटी तीन चाकांवर. पण गंमत अशी की तपासात पेपर रिक्षातून फुटला असं निघालं नाही. पेटी बँकेत पोचली, बँकेतून 5 मेच्या सकाळी शाळेत आली आणि तोपर्यंत तिला कुणी हात लावला नव्हता. जे झालं ते सगळ्यात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या जागी झालं, केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये.

सीबीआयने तपासानंतर जे सांगितलं ते असं. 5 मेला सकाळी पेट्या त्या शाळेत येऊन कंट्रोल रूममध्ये ठेवल्या गेल्या. त्यानंतर काही मिनिटांतच शाळेच्या प्राचार्यांनी आणि उपप्राचार्यांनी एका बाहेरच्या माणसाला त्या खोलीत जाऊ दिलं. प्राचार्य नीटसाठी त्या शहराचे समन्वयक होते आणि उपप्राचार्य केंद्राचे अधीक्षक, म्हणजे ज्यांच्या सहीवर सगळी साखळी उभी होती तेच दोघं. सरकारतर्फे कोर्टात जी वेळ सांगितली गेली ती सकाळी 8:02 ते 9:23. त्या माणसाने पेटी उघडली, पेपरचे फोटो काढले आणि पेटी पुन्हा होती तशी करून निघून गेला. पेटी उघडायला वापरलेली हत्यारं सीबीआयने नंतर जप्त केली. खोलीला मागचं दार होतं, ते उघडं राहिलं आणि तिथून नको त्या माणसाला आत जाता आलं, हेही कोर्टाच्या निकालात नोंदलेलं आहे.

आता पेटी उघडली कशी हा खरा मुद्दा. पेटीला पुढे कुलूप असतं. आपल्या सगळ्यांची नजर कुलपावर जाते, कारण पेटी उघडायची जागा ती. पण लोखंडी पेटी कधी नीट बघितलीय का? झाकण दोन बाजूंनी धरलेलं असतं. पुढे कडी-कोयंडा आणि कुलूप, मागे बिजागऱ्या. कुलूप कितीही महागडं असो, बिजागरी मोकळी केली की झाकण मागून उचलता येतं आणि पुढचं कुलूप कोयंड्यात तसंच लटकत राहतं. तपासातून जे बाहेर आलं ते हेच, की पेटी मागच्या बाजूने, बिजागरीकडून उघडली गेली, म्हणजे कुलपाशी झटापट करायची गरजच पडली नाही. पुढून बघणाऱ्याला पेटी शाबूतच दिसणार.

आता एक दुसरी गोष्ट बघा, ती मला जास्त खटकते. त्या पेटीला दोन कुलपं होती, एक साधं आणि एक डिजिटल. डिजिटल कुलूप ठरलेल्या वेळी, दुपारी सव्वाच्या सुमाराला, आपोआप उघडायचं असतं. त्या दिवशी ते उघडलंच नाही, वर फोन केल्यावर कटरने कापायला सांगितलं, असं शाळेकडून तेव्हा सांगण्यात आलं आणि बातम्यांमध्येही आलं. आता विचार करा, कुलूप बिघडून वेळेवर न उघडणं ही केंद्रावर नेहमीची कटकट आहे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण कुलूप कापून पेटी उघडली की कुलपाची आणि पेटीची आधीची अवस्था काय होती हे सांगणारा पुरावाही त्यासोबत जातो, कारण सगळे घाईत असतात, पंधरा मिनिटांत पाकिटं खोल्यांमध्ये जायची असतात आणि त्या गडबडीत पेटी फिरवून मागची बाजू कोण बघणार? मी केंद्रावर असतो तर मीही बघितली नसती, हे कबूल करतो.

म्हणजे त्या दुपारी पावणेदोनला प्रत्येक खोलीत पर्यवेक्षकाने पाकीट वर धरलं असेल, मुलांनी बघितलं असेल, दोघांनी सही केली असेल आणि ती सही त्यांच्या परीने खरीच होती. पाकीट त्यांच्यासमोर बंद होतं आणि त्यांच्यासमोर उघडलं. एवढंच त्या सहीत लिहिलेलं असतं. सकाळी आठ ते साडेनऊमध्ये काय झालं याबद्दल ती सही काहीच बोलत नाही, बोलूही शकत नाही.

सील ही कुलपासारखी अडवणारी वस्तू नाही. लाख असो, चिकटपट्टी असो, प्लास्टिकची नंबरवाली पिशवी असो, कात्रीने दोन सेकंदांत उघडते. सीलचं काम फक्त "मी उघडले गेले" हे सांगण्याचं. आजकाल पाकिटाला जी चिकटपट्टी असते ती ओढली की खाली अक्षरं उमटतात, परत चिकटवली तरी दिसतात. पण हे फक्त त्या पट्टीपुरतं. पिशवीची तळाची किंवा बाजूची शिवण प्लास्टिकला गरम करून जोडलेली असते. कुणी तिथे कापून परत गरम करून जोडली तर वरची पट्टी जन्मात काही सांगणार नाही. कळतं कसं? शिवणीची रेष एका जागी जास्त रुंद किंवा सुरकुतलेली दिसते, बोट फिरवलं तर कडक लागते, पिशवी बाकीच्यांपेक्षा अर्धा-पाऊण सेंटीमीटर आखूड झालेली असते. हे बघायला उजेड आणि अर्धा मिनिट लागतो. पण बघायचं म्हणून कुणी सांगितलेलं नसतं, "सील तपासा" एवढंच सांगितलेलं असतं आणि मग सगळे वरची पट्टीच बघतात.

बरं, फोटो काढून पेपर बाहेर गेला, पुढे काय? इथे वेळेचा हिशोब समजून घ्यायला हवा, कारण यावर कोर्टातही चर्चा झाली. साडेनऊला फोटो बाहेर, परीक्षा दोनला, पण मुलांना केंद्रात दीडच्या आत पोचायचं, त्याआधी झडती, त्याआधी प्रवास. म्हणजे उत्तरं पाठ करायला सकाळचा तासभर कसाबसा मिळतो. 180 प्रश्न सोडवायला लागणारा वेळही त्यातच. न्यायमूर्तींनी विचारलं की पाऊण तासात एवढं सोडवून होईल कसं? त्यावर उत्तर असं आलं की सोडवणारे सात जण होते, प्रत्येकाने पंचवीसेक प्रश्न वाटून घेतले. सीबीआयच्या तपासात हे सोडवणारे एमबीबीएसचे विद्यार्थी निघाले, काही वर्षांपूर्वी हीच परीक्षा देऊन आत गेलेले. सोडवलेला पेपर पाटण्याला पोचला, तिथे काही मुलांना एका जागी बसवून तो वाचायला दिला, पाठ करून घेतला आणि नंतर कागद जाळायला लावले.

पूर्ण जळले असते तर कदाचित हे प्रकरण हजारीबागपर्यंत कधीच गेलं नसतं. पाटण्यात पोलिसांना अर्धवट जळालेले कागद सापडले. नीटच्या प्रत्येक पुस्तिकेला स्वतःचा एक नंबर असतो. फोटो पुस्तिकेचा काढलेला, त्यामुळे नंबरही फोटोत आलेला, प्रिंटही त्याच फोटोची. जळक्या तुकड्यावरचा नंबर एनटीएकडच्या यादीशी ताडून बघितल्यावर ती पुस्तिका कुठल्या केंद्राला पाठवलेली होती ते कळलं आणि तपास पाटण्यातून थेट हजारीबागच्या त्या शाळेत गेला. सीलने काहीच सांगितलं नाही, सह्यांनीही नाही, डिजिटल कुलूप तर मुकंच राहिलं. सांगितलं ते छापखान्यातल्या मशीनने छापलेल्या एका नंबरने. म्हणून पुस्तिका वाटताना नंबरचा क्रम जपायला सांगतात, कुठली पुस्तिका कुठल्या बाकावर गेली ते लिहून ठेवायला सांगतात, बाकी राहिलेल्यांची नोंद करून परत सील करायला सांगतात. ड्युटीवरच्या शिक्षकांना हे भयंकर कंटाळवाणं वाटतं (मलाही वाटायचं), पण ती यादी धड नसेल तर जळालेल्या कागदावरचा नंबर म्हणजे नुसता आकडा.

आता केंद्रावर काय असतं तर हे पकडलं गेलं असतं? नवी यंत्रणा राहू द्या बाजूला, जे आहे त्यातच बघू. पहिली गोष्ट, कंट्रोल रूमला दुसरं दार नकोच, किंवा असेल तर ते बाहेरून सील हवं आणि त्या सीलचा नंबर नोंदवलेला हवा. आपण पेटी सील करतो आणि खोली उघडी ठेवतो, म्हणजे तिजोरीला कुलूप आणि वाड्याला फाटकच नाही. दुसरं, पेटी बँकेतून घेताना आणि केंद्रावर ठेवताना सहा बाजूंचे फोटो, त्यात बिजागऱ्यांचे जवळून. उघडताना परत तेच फोटो. नवीन ओरखडे, चमकणारा स्क्रू, उडालेला रंग हे दोन फोटो शेजारी ठेवले की लहान मूलही सांगेल. बिजागरीवर एक कागदी सील चिकटवलं तरी चालतं, मागून उघडायचं म्हटलं की ते फाटणारच. या कशालाही फार खर्च नाही.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे, कारण ती माणसांबद्दलची आहे. वरचं सगळं केलं तरी फोटो काढणारा कोण? केंद्राचा अधीक्षक. सील तपासणारा कोण? तोच. सीसीटीव्ही शाळेचे, ते बघणारा शाळेचाच माणूस. हजारीबागला नेमकं हेच नडलं. ज्याने साखळी राखायची त्यानेच दार उघडून दिलं असा आरोप आहे, मग त्याच्याच सहीवर किती भरवसा ठेवणार? म्हणून पेटीच्या खोलीत केंद्राबाहेरचा एक निरीक्षक पेटी आल्यापासून उघडेपर्यंत हलता कामा नये आणि कॅमेऱ्याचं चित्र त्याच वेळी दुसरीकडे कुणीतरी बघत असलं पाहिजे. रेकॉर्डिंग नंतर बघणं हे चोरी झाल्यावर उपयोगी पडतं, दीड तास चाललेली चोरी थांबवायला त्याचा काही उपयोग नाही. आणि पेटी बँकेतून जितकी उशिरा निघेल तितकं बरं. सकाळी आठला पेटी आली आणि पेपर दोनला असेल तर मध्ये सहा तास आहेत, त्यात दीड तास कुणाला मिळाला तर नवल काय? अर्थात उशिरा काढली तर रहदारीत अडकायची भीती, लांबच्या केंद्रांना वेळेवर न पोचायची भीती, म्हणून लोक लवकर काढतात. ही ओढाताण खरी आहे, तिला सोपं उत्तर नाही, पण निदान लवकर काढली तर राखण वाढवायला हवी एवढं तरी.

इथे एक माझ्या ड्युटीवरची गोष्ट सांगतो, केंद्राचं नाव कशाला. एका परीक्षेला आम्हाला पाकिटासोबत साक्षीचा फॉर्म आधीच दिला होता आणि घाई व्हायला नको म्हणून शेजारच्या खोलीतल्या सरांनी मुलं बसल्या बसल्या दोघांच्या सह्या घेऊन टाकल्या, पाकीट अजून खोलीत यायचं होतं. सरांचा हेतू काही वाईट नव्हता, उलट काम वेळेत व्हावं म्हणूनच केलं. पण नंतर त्या पाकिटात एक पुस्तिका कमी निघाली. छपाईतलीच मोजणीची चूक होती, राखीवातून दिली, मुलाचा वेळ गेला नाही. तरी अहवाल लिहिताना प्रश्न आला, पाकीट सीलबंद होतं हे कोण सांगतंय? दोन मुलं. त्यांनी बघितलं कधी? बघितलंच नव्हतं. फॉर्मवर वेळ 1:32 आणि पाकीट खोलीत आल्याची वेळ 1:41. नऊ मिनिटं आधीची साक्ष. सर घामाघूम झाले होते. आणि हेच खरं गंभीर प्रकरण असतं तर त्या फॉर्मचा वकिलाने काय भुगा केला असता ते सांगायला नको.

तेव्हापासून मी एक करतो. पाकीट वर धरून सगळ्यांना लांबून दाखवण्यापेक्षा ज्या दोघांना बोलावलंय त्यांच्या हातात देतो. नंबर मोठ्याने वाचायला सांगतो, तो नंबर फॉर्मवर त्यांच्यासमोर लिहितो. मग उलटं करून चारही कडा बघायला सांगतो. घड्याळ बघून वेळ त्यांनाच लिहायला लावतो. पुस्तिका मोजून संख्या लिहितो आणि मगच सही. एखाद मिनिट जास्त जातं, त्यासाठी खोलीत थोडं लवकर पोचावं लागतं, बस. आणि ज्यांना बोलवायचं ते पहिल्या बाकावरचेच असले पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही, मी मधल्या रांगेतला एक आणि मागचा एक घेतो, म्हणजे सगळ्या खोलीला वाटतं की आपल्यातल्या कुणीतरी बघितलं. पुस्तिकेवरचं सील मात्र प्रत्येकाने आपलं आपण, सांगितल्यावरच फोडायचं आणि पानं फाटकी किंवा कमी असतील तर तेव्हाच बोलायचं, लिहायला लागल्यावर नाही.

झज्जरबद्दल सांगतो म्हटलं होतं. तिथली चूक वेगळ्या जातीची. सील ठीक, पाकीट ठीक, पण संचच दुसरा. मुलांनी सील बघून सही केली तरी हे त्यांना कळणार नाही, कारण आज कुठला संच आहे हे त्यांना माहीतच नसतं, ते माहीत असतं केंद्राला. म्हणजे इथे तपासणी पाकीट खोलीत यायच्या आधी व्हायला हवी, मेसेजमध्ये आलेलं संचाचं नाव आणि पाकिटावरचं नाव दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांना वाचून दाखवायचं. वेळ वाया गेलेल्या सहा केंद्रांवरच्या 1,563 मुलांना आधी वाढीव गुण दिले गेले, त्यावर बोंबाबोंब झाली, मग ते गुण रद्द करून 23 जून 2024 ला त्यांना पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागली. गुन्हेगारी नाही काही नाही, तरी दीड हजार मुलांच्या डोक्याला ताप.

हजारीबागचा शेवट काय झाला तर 23 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला. पेपर हजारीबाग आणि पाटण्यात फुटला हे वादातच नव्हतं, कोर्टाने ते मान्यच केलं. प्रश्न होता किती लांब पसरला. कोर्टाच्या आदेशावरून एनटीएने 20 जुलैला शहर आणि केंद्रनिहाय निकाल जाहीर केले होते, तेही विचारात घेतले गेले. पेपर देशभर पसरला असता तर ठिकठिकाणी गुणांचा विचित्र फुगवटा दिसला असता. सीबीआयने फायदा घेतलेली मुलं साधारण 155 सांगितली, दोन्ही शहरं मिळून. एवढी मुलं बाकीच्या 23 लाखांतून वेगळी काढता येतात, म्हणून सगळ्यांची परीक्षा परत नको, असा तो निकाल.

आणि ती मुलं वेगळी काढता आली त्याला मोठं कारण म्हणजे फुटायची जागा आणि वेळ दोन्ही नक्की सांगता आल्या. सकाळी 9:23 च्या ऐवजी आदल्या संध्याकाळी पेपर बाहेर गेला असता, किंवा कागद पूर्ण जळून नंबर गेला असता, तर पसरला नाही हे सिद्ध कशाने करणार होते? नंतर माजी इस्रो प्रमुख के. राधाकृष्णन यांच्या समितीने परीक्षा शक्य तिथे संगणकावर घ्या, नाहीतर निदान पेपर डिजिटल पाठवा म्हणजे पेटीचा प्रवासच नको, अशा दिशेने शिफारशी केल्या. जिथे अजून कागदी पेपर पेटीतून जातोय तिथे मात्र केंद्रावर पेटी आली की सहीच्या आधी ती एकदा फिरवून भिंतीकडची बाजू बघायची, हे काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं पाहिजे. आमच्या केंद्रावर यंदापासून ते माझ्या नावावर आहे, मीच मागून घेतलंय.